पोच द्यावी

मनिऑर्डरच्या फॉर्मला तळाशी मजकुरासाठी एक चिंचोळी जागा असायची. पैसे हातावर मोजून झाले की पोस्टमन तेवढा तुकडा फाडून आपल्याला द्यायचा. १९९८ ते २००१ मी कोल्हापुरात शिकायला होते. त्या तीन वर्षांत वडिलांकडून असे तीसेक तुकडे आले. सगळ्यांवर मजकूर एकच: ‘रु. ६०० पाठवले. पोच द्यावी. अण्णा.’

तब्येत कशी आहे, अभ्यास कसा चाललाय, आठवण येते का, यातलं काहीच नसायचं. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर. दिवसभर शंभर माणसांशी बोलून आलेला माणूस घरात पाऊल टाकताच गप्प व्हायचा. मला ताप असला तर कपाळाला हात लावायचे नाहीत, दारातूनच आईला विचारायचे, “गोळी दिली का?” बारावीला माझा फिजिक्स राहिला. त्या संध्याकाळी घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. अण्णा ड्युटीवरून आले, त्यांनी निकाल ऐकला आणि मला एवढंच विचारलं, “जेवलीस का?” दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म टेबलावर होता. शेवटच्या तारखेखाली पेनाने रेघ मारलेली होती.

असे वडील आपल्याकडे घरोघरी आहेत. जूनचा तिसरा रविवार जवळ आला, की त्यांच्या मुली एक कार्ड किंवा चिठ्ठी लिहायला बसतात आणि दुसऱ्या ओळीला अडतात. आईला लिहायला हात आपोआप चालतो. वडिलांना नेमकं काय लिहायचं? मीही दोन वर्षं अडले. पहिल्या वर्षी साफ फसले, दुसऱ्या वर्षी थोडं जमलं. त्यात काय चुकलं आणि काय जमलं, ते इथे सांगते.

मुलीनेच सुरू केलेला दिवस

‘हे परदेशी खूळ आहे’ असं आपल्याकडचे बाबालोक म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण खुळामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन नावाचं शहर आहे. तिथल्या सोनोरा स्मार्ट डॉड या बाईंची आई १८९८ साली बाळंतपणात गेली. सोनोरा सोळा वर्षांची होती आणि तिच्या पाठीवर पाच भाऊ होते. वडील विल्यम जॅक्सन स्मार्ट हे यादवी युद्धात लढलेले सैनिक होते. त्यांनी ही मुलं एकट्याने वाढवली. १९०९ साली सोनोराबाई चर्चमध्ये मातृदिनाचं प्रवचन ऐकत होत्या. त्यांना वाटलं, मग माझ्या वडिलांचं काय? त्यांनी गावातल्या धर्मगुरूंकडे पाठपुरावा केला आणि १९ जून १९१० रोजी स्पोकेनमध्ये पितृदिन साजरा झाला. त्यांना खरं तर ५ जून हवा होता, कारण तो वडिलांचा वाढदिवस. धर्मगुरूंना प्रवचनाच्या तयारीला तेवढ्यात वेळ मिळेना, म्हणून दिवस पुढे गेला आणि तिसरा रविवार कायमचा ठरला.

पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. अमेरिकेत मातृदिनाला १९१४ सालीच सरकारी मान्यता मिळाली. पितृदिनाचा कायदा व्हायला १९७२ उजाडलं. मधली ५८ वर्षं टिंगलीत गेली आणि टिंगल करणाऱ्यांत पुरुषच आघाडीवर होते. आपल्यासाठी कुणी भावुक व्हावं, ही कल्पनाच त्यांना अवघड वाटत होती. अण्णांना मी पहिलं कार्ड दिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हाच अवघडलेपणा होता.

दीडशे रुपयांचं कार्ड

त्या कार्डावर सोनेरी अक्षरात ‘माझे सुपरहिरो’ छापलेलं होतं. आत मी हाताने दोन पानं लिहिली होती. त्यात वटवृक्ष होता, सावली होती, दीपस्तंभ होता. अण्णांनी कार्ड घेतलं, उघडलं, चष्मा नाही म्हणून मिटलं, आणि उलटं करून मागची किंमत वाचली. “दीडशे?” म्हणाले. मग “बरं” म्हणाले आणि चहा प्यायला गेले. आठवड्याने ते कार्ड लँडलाइन फोनखाली दिसलं. फोन टेबलावर घसरत होता, त्याला टेकू म्हणून.

मी आईपाशी धुसफुसले. आई म्हणाली, “अगं, त्यात त्यांना कळण्यासारखं होतं काय?”

मी ते कार्ड काढून परत वाचलं. आईचं म्हणणं बरोबर होतं. त्या दोन पानांवरचं नाव खोडून कुणाच्याही वडिलांचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं. वटवृक्ष कुणाचेही बाबा असतात. आयुष्यभर तिकिटांचा हिशोब पैशापैशाला जुळवलेल्या माणसाला मी एक आकडा, एक तारीख किंवा एका गावाचं नाव न घालता दोन पानं लिहून दिली होती. त्यांनी त्यातली एकच खरी माहिती वाचली. ती म्हणजे किंमत.

वडिलांच्या चिठ्ठीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आपण भावना लिहितो, कारण आपल्याला ती पोचवायची असते. पण समोरच्या माणसाचा व्यवहार कायम कृतीतून चाललेला असतो. त्याला विशेषणं दिली की तो बिचकतो. त्याने केलेली एखादी गोष्ट सांगितली की तो ऐकतो.

शब्द कुठे जातात

पुरुषांच्या या गप्पपणाचा मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. १९७३ साली पीटर सिफ्निऑस या मानसोपचारतज्ज्ञांनी ‘ॲलेक्सिथायमिया’ हा शब्द रूढ केला. ग्रीक मुळांवरून त्याचा अर्थ ‘भावनेला शब्द नसणं’. त्यांचे असे रुग्ण पोटात दुखतं, छाती भरून येते हे सांगू शकत, पण मनात काय चाललंय हे त्यांना सांगता येत नसे. पुढे रोनाल्ड लेव्हंट या मानसशास्त्रज्ञांनी म्हटलं, की याचं सौम्य रूप आजार म्हणण्यापेक्षा पुरुषांच्या संगोपनाचा परिणाम म्हणावं लागेल. मुलगा पडला की ‘मर्दासारखा मर्द, रडतोस काय?’ म्हणायचं, घाबरला की हसायचं. असं पंधरा-वीस वर्षं चाललं की भावना आतच राहते आणि तिला नाव द्यायची सवय मात्र मोडते. मागे उरतात राग, विनोद आणि काम.

काम हे यातलं सगळ्यात बोलकं. जून महिना आठवून पाहा. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कव्हरं घालायला बसलेले वडील. खाकी कागदाची घडी अंगठ्याच्या नखाने दाबायची, पाठीच्या कण्यापाशी कागद तिरका कापायचा, मग लेबल लावून नाव घालायचं. आमच्याकडे अण्णा एका वहीला सात-आठ मिनिटं लावायचे. माझ्या वह्या-पुस्तकं मिळून वीस असत. म्हणजे पहाटेची ड्युटी असलेला माणूस अडीच तास जमिनीवर बसून असायचा. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी फक्त लेबलवरची पोपटाची चित्रं बघत बसायचे.

चिठ्ठीसाठी सामान शोधायचं ते इथे. मी दुसऱ्या वर्षी आधी वही घेतली आणि अण्णांनी माझ्यासाठी केलेल्या, आठवतील तेवढ्या गोष्टी लिहून काढल्या. अट एकच ठेवली: प्रत्येक गोष्टीला साल, जागा आणि हाताने धरता येईल अशी एक वस्तू हवी. ‘कायम पाठीशी उभे राहिले’ या अटीत बसेना, ते गेलं. ‘माझ्यासाठी खूप कष्ट केले’ तेही गेलं. अकरापैकी पाच उरल्या: कव्हरं, बारावीचा फॉर्म, मनिऑर्डरी, लग्नात पंगतीच्या शेवटी एकटेच जेवायला बसलेले अण्णा, आणि कोल्हापूरचा डबा.

डब्याची अर्धी गोष्ट मला माहीत होती, अर्धी आईने सांगितली. पहिल्या वर्षी मेसचं जेवण मला सोसेना. तेव्हापासून दर दुसऱ्या शनिवारी घरून डबा यायचा. आमच्या डेपोची गाडी कोल्हापूरला यायची, मी स्टँडवर जाऊन कंडक्टरकाकांकडून डबा घ्यायचे. डबा आईचा, म्हणून कौतुकही आईचं. आईने गेल्या वर्षी सहज सांगितलं, की ती तो रात्रीच भरून ठेवायची आणि झोपायची. दुसऱ्या पाळीची ड्युटी असली, की अण्णा रात्री बाराला हिशोब भरून घरी यायचे. तरी पहाटे चारला उठून सायकलवरून ते डबा स्टँडवर नेऊन द्यायचे.

डब्याच्या पिशवीत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली नाण्यांची सुरळी असायची. एकेक रुपयाची वीस नाणी. सुरळीवर पेनाने ‘२०’. शहरबसमध्ये कंडक्टरला सुट्टे द्यावे, हुज्जत घालू नये, म्हणून. गाडीचा पैसा डेपोत जसाच्या तसा भरावा लागतो. त्यामुळे भरणा करताना अण्णा खिशातल्या दहाच्या दोन नोटा घालून तेवढी नाणी वेगळी काढून घेत. सुट्ट्यांवरून प्रवाशांचं काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आपल्या मुलीला ते ऐकावं लागू नये आणि दुसऱ्या कंडक्टरलाही त्रास होऊ नये, अशी दुहेरी काळजी त्या सुरळीत होती.

मराठीत कसं म्हणायचं?

सामान मिळालं तरी भाषेची अडचण उरतेच. इंग्रजीत ‘आय लव्ह यू, डॅड’ लिहून मोकळं होता येतं. ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ हे वाक्य मात्र वडिलांसमोर लिहिताना हात थबकतो. व्याकरणात त्याचं काही चुकत नाही, पण कुठल्याही मराठी घरात ते ऐकू येत नाही. ‘थँक्यू’चंही तेच. आभार आपण परक्यांचे मानतो. ‘आभारप्रदर्शन’ म्हटलं की समोर व्यासपीठ आणि नारळ-शाल येते. घरच्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटलं तर तो विचारेल, मी काय पाहुणा आहे?

यासाठी मराठीची स्वतःची क्रियापदं आहेत आणि ती साधी आहेत. ‘लक्षात आहे.’ ‘विसरले नाही.’ ‘तुम्ही होतात म्हणून झालं.’ ‘तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं.’ यात प्रेम शब्द नाही, तरी ते पोचतं. आणि ऐकणाऱ्याला त्यावर काही करून दाखवावं लागत नाही, ही त्यातली सोय. ‘लक्षात आहे’ म्हटल्यावर ‘हं’ एवढं उत्तर पुरतं.

जुन्या पत्रांचा मायनाही याच सोयीसाठी होता. ‘तीर्थरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ असं लिहिलं की आदर, प्रेम, अंतर सगळं एका ठरलेल्या ओळीत बसायचं आणि लिहिणारा थेट मुद्द्यावर यायचा. वडीलही ‘चि. हिस अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहून हुंदका गिळून टाकत. मायना गेला, तशी ती आडोशाची भिंतही गेली. आता आपण उघड्यावर उभे असतो, म्हणून अवघडतो. तुमच्या घरी ‘ती. बाबांस’ शोभत असेल तर जरूर लिहा. ‘अहो बाबा’ म्हणत असाल तर ‘अहो’ राहू द्या, ‘तू’ म्हणत असाल तर चिठ्ठीत एकदम ‘आपण’वर जाऊ नका. ज्या नावाने रोज हाक मारता, त्याच नावाने चिठ्ठी सुरू व्हावी.

दुसरा खर्डा आणि त्यातला काटा

डब्यावर मी पहिला खर्डा लिहिला, तो असा सुरू होत होता: ‘अण्णा, तुम्ही आम्हाला कधी जवळ घेतलं नाहीत, कधी शाबासकी दिली नाहीत, पण आज मला कळतं की...’

हे वाक्य बहुतेक मुलींच्या चिठ्ठीत येतं आणि लिहिताना गोड वाटतं. वाचणाऱ्याच्या बाजूने पाहा. ‘पण’च्या आधी दोन आरोप आहेत. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस ते दोन आरोपच वाचेल, ‘पण’च्या पुढे त्याचं लक्ष जाणार नाही. त्या आरोपांना त्याच्याकडे उत्तरही नाही, कारण ते खरे आहेत. तक्रार असेल तर ती वेगळ्या दिवशी, समोर बसून करावी. कौतुकाच्या पोटात ती लपवू नये.

त्याच खर्ड्यात शेवटी मी लिहिलं होतं, ‘आज तरी मला मनातलं सांगा.’ तेही काढलं. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून बोलण्याची मागणी केली, की चिठ्ठीची प्रश्नपत्रिका होते. ‘आईइतकंच तुम्हीही’ ही तुलना काढली. तिने दोघांवरही अन्याय होतो. आणि पाचपैकी चार गोष्टी काढल्या. एका चिठ्ठीत एकच गोष्ट नीट मावते. उरलेल्या चार पुढच्या वर्षांना झाल्या.

मग जे उरलं ते असं:

> अण्णा,
>
> १९९८ च्या ऑगस्टपासून पुढच्या मार्चपर्यंत दर दुसऱ्या शनिवारी कोल्हापूर स्टँडवर माझा डबा यायचा. पहाटे ५ च्या गाडीवर तो तुम्ही सायकलवरून नेऊन द्यायचात, रात्री १२ ला घरी आलेले असलात तरी. हे मला आईकडून आत्ता कळलं.
>
> पिशवीत एकेक रुपयाची २० नाणी कागदात गुंडाळलेली असायची. कोल्हापुरात मी तीन वर्षं शहरबसने फिरले. सुट्ट्यांवरून एकाही कंडक्टरशी माझी बोलाचाली झाली नाही.
>
> आता तुमची नात पुण्यात शिकते. तिच्या बॅगेत मी सुट्टे पैसे ठेवते. ती हसते, म्हणते सगळं मोबाइलवरून होतं. तरी ठेवते.
>
> तुम्ही दर महिन्याला लिहायचात, पोच द्यावी. मी तेव्हा दिली नाही. ही पोच.
>
> ताई

अण्णा मला लहानपणापासून ताई म्हणतात, म्हणून खाली ताई. पूर्ण चिठ्ठी वहीच्या एका पानावर, एका बाजूला बसली.

पोचवायची कशी

चिठ्ठी लिहिण्याइतकंच महत्त्व ती देण्याला आहे. उतारवयात डोळ्यांना फिकट शाई आणि गिचमिड अक्षर झेपत नाही. मी जाड टोकाच्या काळ्या पेनाने, ओळ सोडून लिहिलं. तरी पहिल्या वर्षी चष्मा नसल्याने काय झालं होतं ते आठवून, चिठ्ठी चष्म्याच्या घरातच घडी करून ठेवली. सकाळी पेपर वाचायला ते घर उघडणारच होते. आणि मी बाजारात गेले. हे जाणं फार जरुरीचं. आपण समोर उभं राहून चेहरा न्याहाळू लागलो, तर त्यांना वाचण्याऐवजी चेहरा सांभाळावा लागतो.

चिठ्ठीचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मोह होतो. टाकू नये. तिथे मावशी, काका, जावई सगळे अंगठे आणि फुलं पाठवणार, आणि गप्प माणूस आणखी गप्प होणार. वडिलांना लिहिता-वाचता येत नसेल तर हेच सगळं तोंडी सांगता येतं. पण समोरासमोर बसून सांगू नये. शेतावर जाताना, स्कूटरवर मागे बसून, दवाखान्याच्या रांगेत, म्हणजे दोघांची नजर दुसरीकडे असताना सांगावं. शेजारी बसून बोललेलं अशा माणसांना सोपं जातं.

आपलं लिहिणं बालिश वाटेल, त्यांना कसंनुसं होईल, ही भीती मात्र फार मनावर घेऊ नका. अमेरिकेतल्या अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली नेमकं हेच तपासलं. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांनी समोरच्याला वाटणारा अवघडलेपणा फुगवून धरला होता आणि होणारा आनंद कमी धरला होता. लिहिणारे शब्द नीट जमले का याची चिंता करत होते. वाचणाऱ्यांना मात्र त्यातली माया जास्त जाणवली होती.

सगळीच शांतता सारखी नसते

तीन ठिकाणी ही चिठ्ठी कामाची नाही, तेही सांगायला हवं. पहिलं म्हणजे, ज्या वडिलांनी मारझोड केली, दारूत घर बुडवलं, त्यांना ‘मनातून प्रेमच होतं’ असं लिहून देण्याचं कुठल्याही मुलीवर बंधन नाही. माझे वडील गप्प होते, पण त्यांची भीती वाटत नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दुसरं कानांचं. म्हातारपणी माणूस बोलेनासा होतो तेव्हा पुष्कळदा त्याला ऐकूच येत नसतं. टीव्हीचा आवाज वाढलेला असेल, प्रश्नाला भलतंच उत्तर येत असेल, तर चिठ्ठीच्या आधी कानांची तपासणी करून घ्यावी.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. स्वभावाने गप्प असलेला माणूस वर्षानुवर्षं सारखाच गप्प असतो. जो रोज पारावर जायचा तो जाईनासा झाला, जेवण आणि झोप उडाली, आवडीच्या कशातच रस उरला नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तो स्वभाव समजू नये. नोकरी सुटल्यावर किंवा आई गेल्यावर असं घडताना दिसतं. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावं. सरकारच्या ‘टेली मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

अण्णांचं उत्तर

मी बाजारातून आले तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. चिठ्ठीबद्दल अवाक्षर नाही. दुपारी जेवताना म्हणाले, “कोथिंबीर महाग झाली का?” संध्याकाळी फिरायला गेले आणि वेळेवर आले. मी मनाशी म्हटलं, चला, निदान फोनखाली तरी गेली नाही.

दोन दिवसांनी निघताना माझ्या पर्समध्ये चिठ्ठी सापडली. घडी तीच, पण उघडून पाहिलं तर ओळींच्या कडेला निळ्या पेनाने बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. वेबिल तपासताना आकडे जुळले की करतात, तशा. ‘दर दुसऱ्या शनिवारी’, बरोबर. ‘२० नाणी’, बरोबर. ‘रात्री १२’, बरोबर. ‘पहाटे ५ च्या गाडीवर’ याच्यावर मात्र रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, ‘५.१५’. नातीच्या ओळीपाशी लिहिलं होतं, ‘सुट्टे ठेवावेत. मोबाइल बंद पडतो.’ आणि सगळ्यात खाली, माझ्या ‘ही पोच’च्या पुढे, ‘मिळाली’ आणि सही.

त्यांनी ती चिठ्ठी किती वेळा वाचली असेल, ते खुणांवरून कळत होतं. त्यातल्या दोन वेगळ्या शाईच्या होत्या.

गप्प वडिलांच्या चिठ्ठीचं उत्तर बहुधा असंच येतं आणि ते ओळखायला शिकावं लागतं. चूक दुरुस्त करतील. गाडीचं वेळापत्रक सांगतील. तुमच्या स्कूटरची हवा तपासतील, आंब्याची पेटी पाठवतील, किंवा तीच गोष्ट शेजारच्याला स्वतःच्या तोंडाने सांगतील. यातलं काहीही झालं तर समजावं की चिठ्ठी पोचली. काहीच झालं नाही तर चिठ्ठी कुठे ठेवलीय ते पाहावं. विम्याच्या कागदांबरोबर, कपाटातल्या पिशवीत असेल, तरी पोचली.

मनिऑर्डरच्या फॉर्मचा एक तुकडा पैसे घेणाऱ्याने सही करून द्यायचा असे. तो टपालातून परत पाठवणाऱ्याकडे जाई. म्हणजे माझी पोच अण्णांना दर महिन्याला मिळतच होती, टपालखात्याच्या नियमाने. तरी ते दर वेळी ‘पोच द्यावी’ लिहीत राहिले. त्या चिंचोळ्या जागेत त्यांना यापेक्षा जास्त लिहिता येत नव्हतं.

जूनचा तिसरा रविवार दरवर्षी १५ ते २१ तारखांच्या मध्येच येतो. तुमच्या वडिलांनी केलेली एक गोष्ट आठवा, साल घाला, जागा घाला, वस्तू घाला आणि एका पानावर लिहून त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवा. वेळ चुकली तरी चालेल. ती ते दुरुस्त करतील.